मोठी बॅटरी ७८ टक्के, गाडी ठार बंद : छोट्या बॅटरीपासून चिकटलेल्या कॉन्टॅक्टरपर्यंतच्या नोंदी

काम चालू असताना वहीत लिहीत गेलो, त्याच नोंदी थोड्या साफ करून उतरवल्या आहेत. गाडी इलेक्ट्रिक, सात वर्षांची, वॉरंटी केव्हाच संपलेली. गाडी ओढणारा बॅटरी पॅक साधारण ३६० व्होल्टचा, त्याला पुढे ‘मोठी’ म्हटलंय. दिवे, लॉक आणि सगळे कंट्रोलर चालवणारी १२ व्होल्ट, ४५ अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी म्हणजे ‘छोटी’. कॉन्टॅक्टर म्हणजे मोठीचा करंट जोडणारे-तोडणारे दणकट रिले.

४ फेब्रुवारी

चार दिवस बाहेर होतो. लॉक करताना स्क्रीनवर ७८ टक्के पाहिल्याचं पक्कं आठवतंय. आज सकाळी रिमोट दाबला, गाडी ढिम्म. रिमोटच्या पोटातली लोखंडी चावी काढून दार उघडलं. आत एक दिवा लागेना, हॉर्न वाजेना.

पहिली चूक तिथेच केली. चार्जर लावला की जाग येईल म्हणून प्लग खुपसून तासभर वाट पाहिली. प्लग लॉक झाल्याचा आवाजसुद्धा आला नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. गाडीतल्या ऑनबोर्ड चार्जरला उठायलाच आधी छोटीचे १२ व्होल्ट लागतात. छोटीला भरणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठीवर चालतो, मोठी कॉन्टॅक्टरच्या पलीकडे बंद, आणि कॉन्टॅक्टरची कॉइल ओढायची ती छोटीनं. म्हणजे घराची किल्ली घरातच ठेवून कडी लावल्यासारखं. मोठीत ७८ टक्के असोत नाहीतर १००, छोटी बसली की त्यातला एक युनिटसुद्धा हाती लागत नाही.

मीटर लावला. छोटीवर ४.१ व्होल्ट. हे आधी बघायला हवं होतं, दोन मिनिटांचं काम होतं.

मित्र त्याची गाडी घेऊन आला, जंप केबल लावल्या. केबल त्याच्या स्कूटरसाठी घेतलेल्या, करंगळीएवढ्यासुद्धा जाड नव्हत्या. स्क्रीन उजळली, धोक्याचे सगळे दिवे एकदम पेटले. ब्रेक दाबून स्टार्ट दिला तर मागच्या सीटखालून ‘टक’, मग ‘टर्रर्र’, आणि शांत. परत दिला, परत टर्रर्र. असे अकरा वेळा दिले. मित्र म्हणाला, “अरे, दम घेऊ दे तिला.” मी ऐकलं नाही. बाराव्या वेळी ‘रेडी’ आलं तेव्हा आम्ही दोघांनी टाळी दिली. आज मागे वळून पाहताना वाटतं, या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महागडा क्षण तो होता.

गाडी चाळीस मिनिटं फिरवून आणली.

५ फेब्रुवारी

स्कॅनर लावला. चौदा कोड. त्यातले दोन लक्षात राहिले: `P0562` म्हणजे सिस्टीम व्होल्टेज कमी, आणि `U0111` म्हणजे बॅटरीच्या कंट्रोलरशी संपर्क तुटला. छोटी कोमेजली की एकेक कंट्रोलर अर्धवट झोपतो आणि बाकीचे त्याच्या नावानं ओरडतात. त्यामुळे असे ढीगभर कोड येणं अपेक्षितच होतं. सगळे पुसून टाकले.

फोटो काढला नाही. दुसरी चूक. त्या चौदात कॉन्टॅक्टरचा कोड होता की नव्हता हे मला आता कधीच कळणार नाही, आणि पुढे दोन दिवस याच प्रश्नावर डोकं फोडलं.

छोटी मोजली तर १२.५ व्होल्ट. ‘बॅटरी ठीक आहे, दिवा चालू राहिला असेल’ असं वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली. ती रेघ आता खोडलीय.

७ फेब्रुवारी

सकाळी दिवे लागले, स्क्रीन आली, रेडिओ वाजला, पण रेडी येईना. ‘टक-टर्रर्र’. तीनदा प्रयत्न केला आणि या वेळी थांबलो.

छोटी पडून असताना १२.४ दाखवते. कागदावर पाऊण भरलेली. पण लेड-ॲसिडचे पडून असतानाचे व्होल्ट म्हणजे पाहुण्यांसमोरचं हसू. खरं काय ते काम सांगितल्यावर कळतं. हेडलाइटचे ५५ वॉटचे दोन जुने बल्ब समांतर जोडून थेट छोटीवर लावले, म्हणजे साधारण ९ अँपिअरचा भार. सुरुवातीला ११.९, अर्ध्या मिनिटात ११.३, दीड मिनिटात १०.४ आणि घसरण चालूच. धडधाकट बॅटरी एवढ्या भाराला १२ च्या वर तासभर तरी तग धरते.

मग वाटलं, कॉन्टॅक्टर ओढताना नक्की किती पडतात ते पाहावं. मीटर टर्मिनलवर धरून स्टार्ट दिला. मीटर म्हणाला ११.२. एवढ्या व्होल्टेजला कॉन्टॅक्टर सुटायचं कारण नाही. संध्याकाळी मित्रानं त्याचा ऑसिलोस्कोप आणला. त्यावर खरा प्रकार दिसला: व्होल्टेज ७.६ पर्यंत खाली जातं, साधारण साठ मिलिसेकंद तिथेच राहतं आणि परत वर येतं. साधा मीटर सेकंदाला तीनचार वेळा आकडा बदलतो. एवढा बारीक खड्डा त्याला दिसतच नाही. स्कोप नसेल तर बल्बचा भार लावून पाहणं हीच भरवशाची परीक्षा.

हा खड्डा का पडतो? कॉन्टॅक्टर ओढून घ्यायला कॉइलला बराच करंट लागतो. एकदा बसला की धरून ठेवायला त्याचा छोटासा हिस्सा पुरतो. ओढताना व्होल्टेज पडलं की तो बसतो-न-बसतो तोच सुटतो, भार गेल्यामुळे व्होल्टेज वर येतं, परत ओढला जातो, परत सुटतो. तीच टर्रर्र.

आज तीन प्रयत्नांनंतर स्कॅन केला (फोटोसकट). `P0562` परत आलाय. सोबत नवा पाहुणा: `P0AA1`, पॉझिटिव्ह कॉन्टॅक्टर बंद अवस्थेत अडकला. इथे बंद म्हणजे जोडलेल्या अवस्थेत. सोडायला सांगूनही सुटत नाही.

मी स्वतःची समजूत घातली की हाही कमी व्होल्टेजचाच बागुलबुवा असेल.

१० फेब्रुवारी

नवी छोटी आली. बदलताना आधी गाडी लॉक करून अर्धा तास झोपू दिली. गाडी रेडीत किंवा चार्जिंगला असताना छोटी काढायची नाही, कारण तेव्हा कॉन्टॅक्टर जोडलेले असतात आणि त्यांना भाराखाली सोडावं लागतं. आधी निगेटिव्ह काढला, नंतर पॉझिटिव्ह. लावताना उलट क्रम. या गाडीची छोटी बॉनेटखाली आहे आणि बॉनेटला साधी तार आहे, म्हणून निभावलं. ज्यांची डिक्कीत आहे आणि डिक्कीचं कुलूप विजेवर, त्यांनी बाहेरून जंप द्यायचे पॉइंट कुठे आहेत ते आजच शोधून ठेवावेत.

कॉन्टॅक्टरला दोष देण्याआधी अर्थिंग पाहिलं. मीटरचं एक टोक छोटीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं बॉडीवर, आणि बल्बचा भार खांबाऐवजी बॉडीवरून घेतला. फरक ०.०४ व्होल्ट. उत्तम. हाच आकडा अर्धा-एक व्होल्ट आला असता तर नव्या बॅटरीनंही टर्रर्र थांबली नसती.

कोडचे फोटो काढले, कोड पुसले, स्टार्ट दिला.

टर्रर्र गेली. पण आलेला आवाज वेगळाच होता. रोजचा ‘टक’ नाही, एकच घट्ट ‘ठक्क’, दार आपटल्यासारखा, पायाला जाणवेल एवढा. रेडी नाही. स्कॅनरवर `P0AA1` परत, आणि शेजारी `P0C77`: प्रीचार्जला लागलेला वेळ फारच कमी.

`P0562` आणि सगळे यू-कोड गायब. छोटीमुळे आलेले कोड चांगली छोटी लावल्यावर गेले, जे उरले ते खरे. हा फरक कळायला मला सहा दिवस लागले. पहिल्याच दिवशी धडधाकट बॅटरी लावून कोड नव्याने वाचले असते तर कदाचित कॉन्टॅक्टर चिकटलाच नसता.

`P0C77`वर बराच वेळ अडलो. वेळ जास्त लागला तर तक्रार समजू शकते, कमी लागला तर काय बिघडलं? कागदावर सर्किट काढल्यावर उलगडलं. गाडी चालू होताना आधी निगेटिव्ह कॉन्टॅक्टर जोडला जातो. मग पॉझिटिव्हला वळसा घालून एक लहान रिले रेझिस्टरमधून हळूहळू मोटर चालवणाऱ्या इन्व्हर्टरचे कपॅसिटर भरतो, हाच प्रीचार्ज. ते जवळजवळ पॅकच्या व्होल्टेजला आले की मगच पॉझिटिव्ह मिटतो, म्हणजे मिटताना त्याच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखंच व्होल्टेज असतं आणि ठिणगी पडत नाही. पॉझिटिव्ह आधीच चिकटलेला असेल तर निगेटिव्ह मिटल्या क्षणी रिकामे कपॅसिटर थेट मोठीला जोडले जातात. मध्ये रेझिस्टर नाही, कपॅसिटर एका झटक्यात भरतात. कंट्रोलरला दिसतं की प्रीचार्ज सुरू व्हायच्या आतच संपला.

म्हणजे तो ‘ठक्क’ म्हणजे निगेटिव्हनं खाल्लेला मार. आणि कोड पुसून मीच तो खायला लावला, कारण कोड असेपर्यंत कंट्रोलर निगेटिव्हला हात लावायला तयार नव्हता. `P0AA1` दिसत असेल तर पुसून ‘एकदा बघू तरी’ करू नका. कंट्रोलर विनाकारण हट्ट करत नाही. मी तिथेच थांबलो, आणि या महिन्यातला माझा एकमेव शहाणपणा तेवढाच.

१३ फेब्रुवारी

इथून पुढचं काम माझं नाही. ३६० व्होल्ट डीसी चुकीला दुसरी संधी देत नाही, आणि माझ्याकडे ना हातमोजे, ना प्रशिक्षण. इलेक्ट्रिक गाड्यांचं काम करणाऱ्या एका वर्कशॉपची वेळ मिळाली, पण २६ तारखेची. तोवर गाडी उभी.

आज सहज छोटी मोजली: १२.२. तीन दिवसांपूर्वी १२.७ ची कोरी बॅटरी लावलीय, त्यातला पहिला दिवस तिला चार्जर होता. म्हणजे दोन दिवसांत जवळजवळ अर्धी उतरली. गाडी रेडीत जातच नाही, तेव्हा डीसी-डीसी बंद, भरणारं कुणी नाही हे खरं. पण उतरवतंय कोण?

म्हणजे जुनी बॅटरी वयानं गेली हा निष्कर्षही अर्धाच होता. कुणीतरी रोज तिचं रक्त पीत होतं.

१५ फेब्रुवारी

दिवसभर क्लॅम्प मीटर. छोटीच्या निगेटिव्ह केबलभोवती डीसी क्लॅम्प अडकवला, बॉनेटचं कुलूप स्क्रूड्रायव्हरनं खोटंखोटं बंद केलं (नाहीतर गाडीला बॉनेट उघडं दिसतं आणि ती झोपत नाही), लॉक केली आणि खुर्ची टाकून बसलो.

लॉक केल्यावर ३.६ अँपिअर. पाच मिनिटांनी १.१. पंचवीस मिनिटांनी ०.०३. ठीकच आहे, तीस मिलिअँपिअर म्हणजे गाढ झोप. उठून जाणार तेवढ्यात आकडा एकदम ३ वर गेला, पाऊण मिनिट तिथेच राहिला, परत ०.०३. सहा मिनिटांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. घड्याळ लावल्यासारखं.

फ्यूज एकेक करून काढायला घेतले. चौथ्या फ्यूजला उसळी थांबली. तो डायग्नोस्टिक पोर्टचा फ्यूज. पोर्टमध्ये काय, तर मी स्वतः चार महिन्यांपूर्वी लावलेला ब्लूटूथ डाँगल. मोठीतल्या सेलचे व्होल्टेज फोनवर बघायची हौस! फोन सापडो न सापडो, तो दर सहा मिनिटांनी गाडीला प्रश्न विचारायचा, आणि प्रश्न ऐकून सगळे कंट्रोलर अंथरुणातून उठून बसायचे.

हिशेब केला. सहा मिनिटांत पाऊण मिनिट ३ अँपिअर, म्हणजे सरासरी पावणेचारशे मिलिअँपिअर. त्यात झोपेतले तीस धरले तर ०.४ अँपिअर. ४५ अँपिअर-अवरची कोरी बॅटरी साडेचार दिवसांत तळाला जाते. रोज गाडी चालवली तर डीसी-डीसी तूट भरून काढतो, म्हणून चार महिने कळलं नाही. पण रोज रात्री थोडी उतरायची, परत भरायची, आणि लेड-ॲसिडला नेमकं हेच सोसत नाही. अर्धवट उतरलेल्या अवस्थेत राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि क्षमता जाते. मग चार दिवस उभी राहिली आणि मान टाकली.

काही गाड्या उभ्या असताना मधूनच जाग्या होऊन मोठीतून छोटीला भरून घेतात. माझ्या गाडीत ती सोय नाही. तुमच्या गाडीत आहे का हे पुस्तिकेत पाहून ठेवा.

डाँगल काढला. छोटीला २६ पर्यंत घरचा चार्जर लावून ठेवला. संध्याकाळी मित्राला फोन करून सांगितलं तर तो इतका हसला की मी फोन ठेवून दिला.

२६ फेब्रुवारी

टो करून नेली. वर्कशॉपमधल्या मॅडमनी आधी माझी वही वाचली. ‘ठक्क’च्या नोंदीवर बोट ठेवून म्हणाल्या, “हे एकदाच केलंत ना?” एकदाच म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

काम बघायची परवानगी होती, दोन मीटर लांबून. छोटी सोडवली, मोठीचं सर्किट तोडणारा सर्व्हिस प्लग काढला आणि तो स्वतःच्या खिशात ठेवला, म्हणजे दुसरं कुणी चुकून लावू नये. मग दहा मिनिटं थांबल्या. १००० व्होल्टचे रबरी हातमोजे फुंकून भोक नाही ना पाहिलं. मीटर आधी ओळखीच्या बॅटरीवर तपासला, मग टर्मिनलवर लावला, शून्य आल्यावर परत त्याच ओळखीच्या बॅटरीवर लावला. शून्य खरं आहे की मीटर मेलाय, हे कळायला. हा क्रम त्यांनी एकदाही घाई न करता पाळला.

माझं नशीब असं की या गाडीत कॉन्टॅक्टरचा डबा मागच्या सीटखाली, पॅकच्या बाहेर आहे. पुष्कळ गाड्यांत तो पॅकच्या आत असतो, मग पॅक खाली उतरवण्यापासून सुरुवात.

पॉझिटिव्हच्या दोन मोठ्या खांबांवर मीटर लावला. कॉइलला वीज नाही, तेव्हा मार्ग तुटलेला हवा. आकडा आला ०.२ ओहम. चिकटलाय. निगेटिव्ह तुटलेला दाखवत होता, तो ठीक. प्रीचार्जचा रेझिस्टर ५९ ओहम, त्यावर छापलेले ६०, तोही ठीक.

पॉझिटिव्ह काढून हातात घेतला तेव्हा मॅडमनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं त्याच्या पाठीत एक टोला दिला. आत ‘टिक’ झालं आणि मीटर अनंतावर गेला. सुटला! माझ्या मनात काय आलं ते माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण त्या लगेच म्हणाल्या, “हा परत लावायचा नाही. आता त्याची जागा खडबडीत झाली. पुढच्या वेळी तो गाडी चालू असताना चिकटेल आणि अपघातात सुटायला हवा तेव्हा सुटणार नाही.”

कॉन्टॅक्टर सीलबंद असतो, उघडून साफ करायचा प्रश्न नाही. पण तो फेकायचाच होता म्हणून त्यांनी माझ्यासाठी करवतीनं कापला. आत नखाएवढे दोन स्थिर संपर्क आणि त्यांच्यावर येऊन बसणारी तांब्याची एक आडवी पट्टी. एका बाजूची जागा चकचकीत. दुसरीकडे खड्डा पडलेला, कडेला वितळून गोठलेला मोहरीएवढा मणी, आणि पट्टीवर त्याच आकाराचा तुटका ठसा. भोवती काळी काजळी. माझे ते अकरा प्रयत्न तिथे दिसत होते.

चिकटला कसा, हे त्यांनी असं सांगितलं. कमी व्होल्टेजवर कॉन्टॅक्टर एकदा बसतो, इन्व्हर्टरचे कपॅसिटर भरलेले असतात, तोवर काही बिघडत नाही. पण त्याच वेळी डीसी-डीसी जागा होतो आणि समोर रिकामी छोटी पाहून पूर्ण ताकदीनं ओढायला लागतो. दुसरीकडे ब्रेकचा व्हॅक्यूम पंप सुरू होतो आणि छोटीचं व्होल्टेज पाडतो. कॉन्टॅक्टर क्षणभर सुटतो. तेवढ्यात डीसी-डीसी कपॅसिटर उपसून टाकतो. आठशे मायक्रोफॅरड ३६० व्होल्टला भरले तरी ऊर्जा जेमतेम ५२ जूल, आणि दीड किलोवॉट ओढणारा त्या पस्तीस मिलिसेकंदांत संपवतो. कॉन्टॅक्टर परत मिटतो तेव्हा समोर जवळजवळ रिकामे कपॅसिटर, आणि या वेळी प्रीचार्ज झालेला नाही. शेकडो अँपिअरचा झटका त्या नखाएवढ्या जागेतून जातो. टर्रर्र मधला प्रत्येक ‘र’ म्हणजे असा एक झटका असू शकतो.

जाड केबल वापरल्या असत्या तर? “निम्मं काम झालं असतं,” त्या म्हणाल्या. “उरलेलं निम्मं म्हणजे छोटीला आधी वीस मिनिटं भरू द्यायचं आणि मगच स्टार्ट द्यायचा.”

निगेटिव्हमधून १० अँपिअर सोडून दोन खांबांमधला फरक मोजला, ४ मिलिव्होल्ट, म्हणजे ०.४ मिलिओहम. आकड्यात तक्रार नाही. तरी मॅडमचं म्हणणं दोन्ही बदला, त्यानं मार खाल्लाय. मी कुरकुरलो, मग हो म्हणालो. डबा एकदाच उघडायचा आहे.

३ मार्च

भाग यायला चार दिवस गेले. बसवताना एक गोष्ट पाहिली जी मला माहीत नव्हती: या कॉन्टॅक्टरच्या मोठ्या खांबांवर + आणि − छापलेलं असतं. आतलं चुंबक तोडताना उठणारी ठिणगी एका ठरावीक दिशेला फुंकतं. उलटा लावला तर तो मिटतो आणि उघडतो अगदी बरोबर, फक्त भाराखाली तोडायची वेळ आली की हरतो. त्यामुळे कोणतीही चाचणी उलटा लावलेला पकडत नाही, डोळ्यांनीच बघावं लागतं. बसबारचे बोल्ट टॉर्क रेंचनं आवळले, प्रत्येकावर पेननं खूण.

कोड वर्कशॉपच्या यंत्रातून पुसले. आता पुसण्यात धोका नव्हता. स्टार्ट दिला. ‘टक’, मग बारीक ‘टिक’, किंचित थांबून जाड ‘ठप’, शेवटी परत बारीक ‘टिक’. निगेटिव्ह, प्रीचार्ज, पॉझिटिव्ह, प्रीचार्ज सुटला. सात वर्षं हे रोज ऐकत होतो, कान देऊन कधी ऐकलं नव्हतं.

यंत्रावर इन्व्हर्टरचं व्होल्टेज पाव सेकंदात चढत जाताना दिसलं आणि ३५० च्या वर गेल्यावरच पॉझिटिव्ह मिटला. छोटीवर १४.३ व्होल्ट, म्हणजे डीसी-डीसी कामाला लागलाय. गाडी बंद केल्यावर इन्व्हर्टरचं व्होल्टेज खाली उतरलं. ही उतरण महत्त्वाची, दोन्हीपैकी किमान एक कॉन्टॅक्टर खरंच सुटल्याची ती खूण.

खर्चाचा हिशेब: नवी छोटी धरली १, तर दोन कॉन्टॅक्टर मिळून साधारण ५, मजुरी ४, टो १. म्हणजे एका बॅटरीत मिटणारं काम अकरा बॅटऱ्यांना पडलं. गाडी सत्तावीस दिवस उभी, त्यातले तेरा वर्कशॉपच्या वेळेची वाट बघण्यात.

९ मार्च

मुद्दाम पाच दिवस लॉक करून ठेवली, डाँगलशिवाय. आज छोटी १२.६२. रिमोटला पहिल्या दाबात उघडली. टक, टिक, ठप, टिक.

ग्लोव्ह बॉक्समधल्या त्या जुन्या केबल मित्राला परत दिल्या. त्याच्या स्कूटरला त्या पुरतात. माझ्यासाठी २५ चौरस मिलिमीटरच्या घेतल्या आहेत. डाँगल ड्रॉवरमध्ये आहे. महिन्यातून एकदा सेलचे व्होल्टेज बघायला लावतो आणि बघून झालं की काढतो. स्टिअरिंगवर चिकटवलेली चिठ्ठी बायकोनं लिहिलीय: “डाँगल काढलास का?”